श्वास चालू होता

पेपर हातात आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात ५० पैकी ४६ गुण होते आणि त्याच्याच खाली लाल शाईत ‘अनुत्तीर्ण’ असं लिहिलेलं होतं. शेजारी बसलेल्या शाळेतल्या पीटीच्या सरांना ३८ मिळाले होते आणि ते पास होते. मी पेपर दोनदा उलटापालटा केला. बेरीज बरोबर होती. एकोणिसाव्या प्रश्नाभोवती मात्र लाल गोल होता, आणि त्या प्रश्नाच्या आकड्यापुढे छापलेली चांदणी होती.

सांगलीत विश्रामबागेत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा प्रथमोपचाराचा वर्ग झाला. दोन दिवस शिकणं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लेखी परीक्षा. मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळते. प्रथमोपचाराची पेटी स्टोअरमध्येच असते आणि तिची किल्ली माझ्याकडे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४५ व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे एक पेटी सांगितलेली होती. ती पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या वेळात तो माणूस हजर हवा, असंही त्यात होतं. किल्ली माझ्याकडे म्हणून वर्गालाही मीच. खरं सांगायचं तर मी आनंदाने गेले. ओतकामाच्या जागी भाजणं, कापणं, डोळ्यात कण जाणं हे रोजचंच. पेटी उघडताना आपल्याला नेमकं काय करायचं ते ठाऊक असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

शिकवायला मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या. मिरजेत शंभर वर्षांहून अधिक काळ दवाखान्यांचं गाव वसलेलं आहे, आणि तिथल्या जुन्या सिस्टरांची एक वेगळीच शिस्त असते. आवाज चढत नाही, पण हात थांबला तर त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळतं. पेपर वाटण्याआधी त्यांनी नियम सांगितला. तीस प्रश्न एकेका गुणाचे. दहा प्रश्न प्रसंगाचे, दोन-दोन गुणांचे. पास व्हायला ३५ हवेत. पण प्रसंगांच्या दहापैकी सहा प्रश्नांना चांदणी आहे, ते सहाच्या सहा बरोबर यायला हवेत. “बाकी सगळं बरोबर आलं आणि चांदणीचा एक चुकला, तर पेपर परत द्यायचा,” त्या म्हणाल्या. एकाने विचारलं, असं का. “निकाल लागल्यावर सांगते,” एवढंच म्हणाल्या.

एकेका गुणाचे प्रश्न स्मरणाचे होते. त्यातले माझे दोन चुकले. नाकातून रक्त येत असेल तर मान मागे टाकायची, असं मी लिहिलं, कारण लहानपणापासून घरात तसंच केलेलं. खरं तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. दुसरा प्रश्न पडलेला पक्का दात दवाखान्यात कशात घालून न्यायचा हा. मी साधं पाणी लिहिलं, उत्तर दूध होतं. या दोन गुणांचं मला काही वाटलं नाही. आता कळलं, पुढे चुकणार नाही.

एकोणिसाव्या प्रश्नाचं तसं नव्हतं. तो जसा होता तसा आठवून लिहिते:

‘मिरवणूक बघत उभे असलेले ५५ वर्षांचे गृहस्थ छातीवर हात ठेवून अचानक कोसळतात. तुम्ही हाक मारता, खांदे हलवता, ते ओ देत नाहीत. त्यांचं तोंड अधूनमधून उघडतं आणि घोरल्यासारखा आवाज येतो. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?’

पर्याय चार होते. पहिला, श्वास चालू असल्याने त्यांना कुशीवर वळवून १०८ ला फोन करणं आणि लक्ष ठेवणं. दुसरा, १०८ ला फोन करायला लावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करणं. तिसरा, तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करणं. चौथा, मिळेल त्या गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेणं.

मी पहिला लिहिला. विचार करून लिहिला. आदल्याच दिवशी शिकले होते की बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचं. म्हणजे जीभ मागे पडून वाट अडत नाही आणि उलटी झाली तर बाहेर पडते. शिवाय त्याच पेपरात सातवा प्रश्न होता, त्यालाही चांदणी. सायकलवरून पडलेली मुलगी, हाकेला ओ नाही, छाती नियमित वरखाली होते आहे. तिथे उत्तर कुशीवर वळवणं हेच होतं आणि ते माझं बरोबर आलं. एकोणिसाव्यालाही मी तीच किल्ली लावली. आवाज येतोय म्हणजे हवा आत-बाहेर जातेय, म्हणजे श्वास आहे, म्हणजे कुशीवर.

निकालानंतर सिस्टरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. सातव्या प्रश्नातला ‘नियमित’ आणि एकोणिसाव्यातला ‘अधूनमधून’. म्हणाल्या, “अख्खा फरक एवढाच आहे. पेपर काढताना मी प्रत्येक चुकीचा पर्याय दुसऱ्या कुठल्यातरी प्रसंगाचं बरोबर उत्तर असेल असा निवडते. कुशीवर वळवणं चूक नाही. या माणसाला चूक आहे.”

मग त्यांनी आवाज काढून दाखवला. खुर्चीवर बसून मान जरा मागे टाकली, जबडा खाली सोडला आणि घशातून एक ओढ घेतली, घोरल्यासारखी, थोडी गुरगुरती. मग काहीच नाही. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा हनुवटी वर गेली आणि तशीच एक ओढ. मग आणखी लांब शांतता.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

सिस्टर पुढे समजावत होत्या आणि मी निम्मं ऐकत होते. नंतर घरी वही काढून बघितली, तर पहिल्या दिवसाच्या टिपणांत माझ्याच अक्षरात होतं: ‘आचके म्हणजे श्वास नाही.’ एकच ओळ, खाली रेघसुद्धा ओढलेली. म्हणजे मला सांगितलं गेलं होतं, मी लिहून घेतलं होतं आणि तरी चुकले होते.

त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्यांना पुन्हा विचारून जे समजून घेतलं ते असं. हृदय अचानक बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा ते निपचित होत नाही, नुसतं थरथरत राहतं. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. पण मेंदूच्या बुडाशी श्वासाची जी आदिम यंत्रणा असते, ती आणखी काही मिनिटं तग धरते आणि शेवटचा प्रयत्न म्हणून आचके देत राहते. तोंड उघडतं, हनुवटी वर ओढली जाते, कधी घरघर, कधी उसासा, कधी कण्हल्यासारखं. छाती मात्र नीट भरत नाही. दोन आचक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि मग ते थांबतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू होता, आत्ता थांबला. प्रत्यक्षात हृदय बंद पडून तोवर चार-पाच मिनिटं झालेली असतात.

यातली अवघड गोष्ट मला मोजताना कळली. धडधाकट मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. शिकवलेल्या नियमाप्रमाणे आपण दहा सेकंदांच्या आत श्वास तपासायचा. म्हणजे निरोगी माणसाचे आपल्याला दोन-तीन श्वास दिसणार. आचके देणाऱ्या माणसाचेही त्याच दहा सेकंदांत एक-दोन आचके दिसू शकतात. नुसतं मोजून भागत नाही. बघायचं ते छाती आणि पोट. श्वास खरा असेल तर छाती वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. त्याला एक लय असते, आणि ती लय सांगायला कुणी लागत नाही. आचक्यात सगळी हालचाल तोंडात, जबड्यात आणि मानेत असते. सिस्टरांचा सोपा नियम असा होता की दहा सेकंदांनंतरही ‘हा श्वास आहे का?’ असा प्रश्न मनात शिल्लक असेल, तर तो श्वास नाही असं धरून चालायचं.

नाडीचं काय, असं पीटीच्या सरांनी विचारलं. सामान्य माणसाने नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटांतलेच ठोके लागतात, किंवा असलेली नाडी लागत नाही. म्हणूनच २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून सामान्य लोकांसाठी नाडी तपासणं वगळलं गेलं. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, या दोन खुणा पुरेत.

आणि चांदणी का, त्याचं उत्तरही तेव्हाच मिळालं. समजा मी चुकले आणि ज्याचं हृदय चालू आहे अशा माणसाच्या छातीवर दाब दिला. तो कळवळेल, हात झटकेल, मग मी थांबेन. छाती दुखेल, क्वचित बरगडीला इजा होईल. आता उलट बाजूने चुकले आणि हृदय बंद असलेल्या माणसाला कुशीवर वळवून रुग्णवाहिकेची वाट बघत बसले. दाब नाही, हृदयाची लय परत आणणारा विजेचा झटका नाही, तर त्याच्या वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. दहा मिनिटांत हातात जवळजवळ काही उरत नाही. नाकाच्या रक्ताच्या प्रश्नात चूक झाली तर शर्ट खराब होतो. चांदणीच्या सहाही प्रश्नांत चुकीची किंमत माणूस होती. उसाच्या फडात घोणस चावलेल्याचा पाय करकचून आवळायचा की न हलवता सरळ दवाखाना गाठायचा, हा त्यातला एक. मोटारीच्या उघड्या वायरीला चिकटलेल्याला ओढायचं की आधी मेन स्विच पाडायचा, हा दुसरा. कापलेल्या मांडीतून उसळणारं रक्त आधी धुवायचं की जोरात दाबून धरायचं, हा तिसरा. या सगळ्यांत मी बरोबर होते. त्याचं त्या दिवशी मला काही कौतुक उरलं नव्हतं.

माझे मामा जानेवारी २००९ मध्ये गेले. वाळवा तालुक्यात माझं आजोळ. मामांचं गुऱ्हाळ होतं. सुट्टी होती म्हणून आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, रस प्यायला आणि गरम गूळ खायला. दुपारची वेळ, काहील उतरवायला आली होती, गुळव्या हत्यानं ढवळत होता. मामा चुलवाणापासून जरा लांब पोत्यांच्या थप्पीशी उभे होते. “लई उकडाय लागलंय,” असं म्हणाले आणि पोत्यांवरून घसरल्यासारखे खाली आले.

मी पंधरा पावलांवर होते. सगळे धावले. कुणीतरी मान उचलून मांडीवर घेतली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. तळव्यांना चोळलं. डोळे अर्धवट उघडे होते. मग त्यांनी तो आवाज काढला. मामी वाकल्या आणि म्हणाल्या, “श्वास हाय, श्वास हाय. चक्कर आलीया.” मीही तेच म्हणाले. मला आठवतंय, मी मोठ्याने म्हणाले, “मामी, घाबरू नका, घोरतायत बघा.” लोटीने पाणी पाजायचा प्रयत्न झाला, ते ओठांच्या कडेने खाली आलं. जीप आणायला कोण गेलं, ती चालू व्हायला वेळ लागला. तेव्हा १०८ नव्हती. महाराष्ट्रात ती सेवा सुरू झाली २०१४ मध्ये. आचके लांब-लांब होत गेले. एकदा खूप वेळ काही आलं नाही, तेव्हा गुळव्या म्हणाला, “आता निवांत झालेत.” सगळ्यांना जरा बरं वाटलं. जीपच्या मागच्या बाकावर घालून तालुक्याला नेलं, पाऊण तासाचा रस्ता. डॉक्टरांनी बघून मान हलवली.

घरात तेव्हापासून एक वाक्य ठरलेलं आहे. ‘जीपमध्ये घालेपर्यंत श्वास चालू होता.’ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामींनी ते सांगितलं. त्यात दोन गोष्टी असायच्या: आम्ही वेळेत निघालो, आणि रस्ता लांब होता. मीही ते वाक्य कितीदा तरी म्हटलंय.

त्या रात्री पेपर समोर ठेवून मी तो प्रसंग मिनिटामिनिटाने मांडला. पडल्यापासून पहिला आचका ऐकू येईपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. कांदा, चप्पल, पाणी यात तीन-चार मिनिटं. गुळव्या ‘निवांत’ म्हणाला तेव्हा पाच-सहा. जीप हलली तेव्हा दहा. गुऱ्हाळाची जमीन टणक होती. आम्ही आठ-दहा जण होतो आणि ऊस मोळ्यांनी उचलणारे चौघे तरणे हात त्यात होते. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत दाबणारा दमतो आणि त्याला ते कळतही नाही, म्हणून दुसऱ्याने जागा घ्यायची. हे सगळं तिथे असलेल्यांपैकी कुणालाही जमण्यासारखं होतं. माहीत कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, आम्ही दाब दिला असता तर मामा वाचले असते का?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “खरं सांगू का बाई, नुसत्या दाबण्याने बंद हृदय सुरू होईलच असं नसतं. दाबून आपण मेंदूला थोडं रक्त पोचवत राहतो, झटका देणारं यंत्र येईपर्यंत. तुमच्या गुऱ्हाळावर तेव्हा ते यंत्र कुठून येणार होतं? पाऊण तास दाबत राहणं अवघड, आणि धावत्या जीपमध्ये तर दाब नीट बसतच नाही. शक्यता होती. किती होती ते मी सांगणार नाही, कारण मला ते सांगता येणार नाही.” आणि थोड्या वेळाने, “त्यांना काही वेदना कळत नव्हत्या. आचके देणारा माणूस शुद्धीत नसतो. एवढं मात्र नक्की सांगते.”

मला धीर द्यायला त्यांनी काही वाढवून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पेपर परत द्यायला आठ दिवस मिळाले. वर्गात कृत्रिम श्वासासह ३० दाब आणि दोन श्वास हे चक्र शिकवलं होतं. पण तोंडाला तोंड लावायला माणूस कचरतो आणि त्यात वेळ जातो, म्हणून भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त दाब देण्याची पद्धत पुढे आणली. ओळखा, कळवा, दाबा, हलवा, असा तिचा क्रम. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी ते पुरेसं मानलं जातं, कारण त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. कृष्णेत बुडालेल्याचं तसं नसतं. त्याचा प्राणवायूच आधी संपलेला असतो, तिथे श्वास देणं टाळून चालत नाही, आणि लहान मुलांचंही बहुतेक वेळा तसंच. एवढा भेद मी नीट पक्का केला.

आठ दिवसांनी सिस्टरांनी प्रश्न बदलून आणला. वाक्य पाठ करून उत्तर देता येऊ नये म्हणून. ‘बसस्थानकावर एक बाई कोसळतात. दहा-पंधरा सेकंद हातपाय झटकतात, मग शांत होतात. ओ देत नाहीत. तोंड उघडून एक मोठी ओढ घेतात. थोड्या वेळाने आणखी एक.’ पर्यायांत फिटचे उपचार होते: आजूबाजूच्या वस्तू दूर करा, धरून ठेवू नका, थांबल्यावर कुशीवर वळवा. तेही अगदी बरोबर उपचार, फिटसाठी. आणि आपल्याकडे असं काही दिसलं की गर्दीतून पहिला शब्द येतो तो ‘फिट आली’.

मी पेन खाली ठेवून विचार केला. हृदय बंद पडल्या क्षणी मेंदूला रक्त न मिळाल्याने काही जणांचे हातपाय थोडा वेळ झटकतात. ते फिटसारखंच दिसतं. फरक नंतर दिसतो. खरी फिट ओसरली की श्वास परत येतो, बऱ्याचदा जोरजोरात घोरत येतो, पण एकामागून एक येतो आणि हळूहळू चेहऱ्याचा रंग सुधारतो. या बाईंच्या दोन ओढींमध्ये ‘थोडा वेळ’ होता. मी त्या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि ‘फोन करायला लावून छातीवर दाब’ लिहिलं. दाब सुरू केल्यावर आचके पुन्हा वाढले तर थांबायचं का, असा एका गुणाचा जोडप्रश्न होता. थांबायचं नाही. रक्त थोडं पोचायला लागलं की आचके परत येऊ शकतात. माणूस हालचाल करून, डोळे उघडून, नीट श्वास घेऊ लागेपर्यंत दाबत राहायचं.

प्रमाणपत्र आता स्टोअरमध्ये पेटीच्या वर लावलेलं आहे.

एक गोष्ट मला अजून खटकते. पेपरमध्ये ‘अधूनमधून’ हा शब्द कुणीतरी आधीच लिहून दिलेला असतो. गुऱ्हाळावर तो कुणी लिहून देत नाही. तिथे समोर आपला माणूस असतो, आणि जो आवाज येतो त्याला आपल्याला हवं ते नाव आपण देतो. मामी म्हणाल्या श्वास, मी म्हणाले घोरणं, गुळव्या म्हणाला निवांतपणा. तिघांनीही डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते नीट पाहिलं होतं. म्हणून फाउंड्रीत शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी कागद वापरला नाही. पाळी बदलताना दहा-बारा जणांना उभं करते, वाळूच्या पोत्यावर दाब द्यायला लावते आणि त्याआधी स्वतः तो आवाज काढून दाखवते. पहिल्यांदा काढताना घसा दाटून आला होता. आता आवाज नीट काढता येतो.

मामींना सांगायचं की नाही, हे मला बरेच महिने ठरवता आलं नाही. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या त्या वाक्याला हात लावायचा मला हक्क काय, असं वाटायचं. मी त्यांना काही सांगितलं नाही.

दिवाळीला आजोळी गेले. मामींचा नातू बारावीला आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. माझ्या वर्गाबद्दल कुठून तरी त्याला कळलं होतं, तो मागेच लागला. सोप्यात सतरंजी टाकून आम्ही एक जाड उशी ठेवली. हात कुठे ठेवायचे ते दाखवलं. त्याची कोपरं वाकत होती, ती सरळ केली. मोठ्याने मोजायला लावलं. मग तो म्हणाला, “आत्या, पण कळायचं कसं? श्वास हाय का न्हाई ते?”

मामी आत चकल्या तळत होत्या. मी आवाज हळूच काढला. मान मागे, जबडा सैल, एक ओढ. थांबले. मग दुसरी.

आतली झाऱ्याची खुडबुड थांबली. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या, पिठाचे हात तसेच. माझ्याकडे खूप वेळ बघत होत्या. मला वाटलं आता विचारतील, आणि काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नव्हतं.

“तसाच येत हुता,” त्या म्हणाल्या. मग नातवाकडे वळल्या. “नीट ऐकलास का रं? पोरी, त्याला आणि एकदा काढून दाखव.”